‘वर्क्ड हार्ड’ की ‘वर्क्ड हार्डली’?

*स.न.वि.वि. मी मराठी माध्यमातून शिकले, सध्या पुण्यात एका कंपनीत आहे. वर्षाअखेरच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं: ‘आय वर्क्ड व्हेरी हार्डली धिस इयर. आय फिनिश्ड माय टास्क्स फास्टली. आय नेव्हर केम लेटली. माय क्लायंट कॉल्स वेंट गुड. आय स्पीक फ्रेंडली विथ द टीम.’ साहेबांनी पाच शब्दांना गोल करून फॉर्म परत पाठवला. शुक्रवारपर्यंत नीट करून द्यायचा आहे. शाळेत शिकवलं होतं की क्रियाविशेषण करायचं तर शब्दाच्या शेवटी ‘एल-वाय’ लावायचं. लावलं तिथे चुकलं, नाही लावलं तिथेही चुकलं. ‘फ्रेंडली’ला तर ते आधीपासूनच आहे! मैत्रीण म्हणते ‘फ्रेंडलिली’ लिही. नेमकं काय धरायचं?*
*— एक वाचक, पुणे*

नमस्कार.

गोल केलेल्या पाच शब्दांपैकी दोन तुम्ही मराठी बोलताना रोज बिनचूक वापरता, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ‘ही गाडी फास्ट आहे’ असं आपण म्हणतो आणि ‘ही गाडी फास्ट धावते’ असंही म्हणतो. ‘गाडी लेट आहे’ म्हणतो, ‘गाडी लेट आली’ म्हणतो. पहिल्या वाक्यांत हे शब्द गाडीबद्दल सांगतात, म्हणजे विशेषण आहेत. दुसऱ्या वाक्यांत ते धावण्याबद्दल आणि येण्याबद्दल सांगतात, म्हणजे क्रियाविशेषण आहेत. शब्द मात्र तोच राहतो. ‘गाडी फास्टली धावते’ असं फलाटावर उभं राहून कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही नेमकं हेच आहे. फॉर्म लिहायला बसल्यावर शाळेतला नियम आठवला आणि त्यानं तुमच्या तोंडातलं बरोबर इंग्रजी खोडून काढलं.

तो नियम मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आहे. ‘स्लो’चं ‘स्लोली’, ‘क्विक’चं ‘क्विकली’, ‘सॅड’चं ‘सॅडली’. या शब्दांपुरता तो खरा आहे. त्याची बाजू लंगडी पडते ती ‘एल-वाय’ हे क्रियाविशेषणाचं चिन्ह आहे असं मानल्यामुळे. ते चिन्ह नव्हतंच. हे समजायला हजारेक वर्षं मागे जावं लागतं, पण गोष्ट लहान आहे आणि तुमच्या पाचपैकी चार चुका तिच्यातच सापडतात.

जुन्या इंग्रजीत विशेषणाचं क्रियाविशेषण करायची सोपी पद्धत होती: शेवटी एक ‘ए’कार जोडायचा. कठीण या अर्थाचा शब्द होता ‘हेअर्द’, त्याचं क्रियाविशेषण ‘हेअर्दे’. ‘फॅस्त’चं ‘फॅस्ते’. दुसरीकडे ‘लीच’ नावाचा एक शब्द होता, त्याचा अर्थ शरीर, रूप. तो नामांना जोडला की ‘त्या रूपाचा, त्याच्यासारखा’ अशी विशेषणं तयार व्हायची. आजचा ‘लाइक’ हा शब्द त्याच घराण्यातला. या विशेषणांनाही क्रियाविशेषण करताना शेवटी तोच ‘ए’कार लागायचा. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या टोकाचे हे एकार बोलण्यातून झिजत गेले आणि १५ व्या शतकापर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. एकार गेल्यावर ‘हेअर्द’ आणि ‘हेअर्दे’ दोन्ही ‘हार्ड’ झाले. ‘सारखा’ सांगणारं विशेषण आणि त्याचं क्रियाविशेषण, दोन्हींच्या शेवटी ‘ली’ उरलं.

म्हणजे एकाच झिजेनं दोन गोंधळ झाले. काही क्रियाविशेषणं ‘ली’शिवाय राहिली आणि काही विशेषणं ‘ली’सकट राहिली. नवीन क्रियाविशेषणं करायला लोकांनी मग ‘ली’ हाताशी धरलं आणि ते इतकं पसरलं की नियमच वाटू लागलं. १८ व्या शतकातल्या व्याकरणकारांनी तर ‘ली’ नसलेल्या रूपांना चूक ठरवायचा चंग बांधला. तरी रोजच्या वापरातली काही रूपं त्यांना हलवता आली नाहीत. घाटातल्या रस्त्यावर ‘ड्राइव्ह स्लो’ अशी पाटी दिसते, तिला अनेक जण चुकीचं इंग्रजी म्हणतात. ती चूक नाही, ‘स्लो’ हेसुद्धा जुनंच क्रियाविशेषण आहे. फक्त ऑफिसच्या कागदावर ‘स्लोली’ लिहिणं बरं.

आता तुमची वाक्यं घेऊ. सगळ्यात धोक्याचं पहिलं आहे.

‘हार्ड’ला ‘ली’ लागून शब्द होतो, पण त्याचा अर्थ कष्टानं असा होत नाही. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. ‘आय हार्डली वर्क्ड धिस इयर’ याचा अर्थ ‘यंदा मी काम फारसं केलंच नाही’. तुम्ही सांगायला गेलात त्याच्या नेमकं उलट, आणि तेही मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये. हा अर्थ आला कुठून? फार पूर्वी ‘हार्डली’ म्हणजे जोरानं, कठोरपणे असंच होतं. मग ते ‘कष्टानं, मुश्किलीनं’ झालं आणि मुश्किलीनं वरून जेमतेमवर आलं. ही वाट मराठी माणसाला परकी नाही. ‘मुश्किलीनं शंभर रुपये सुटले’ असं आपण म्हणतो तेव्हा कष्टांपेक्षा रक्कम किती तुटपुंजी हेच सांगायचं असतं. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. इंग्रजीत जुना अर्थ ‘हार्ड’कडे राहिला आणि ‘हार्डली’कडे फक्त जेमतेम उरलं.

दोन्ही ओळखायची खूण म्हणजे त्यांची जागा. कष्टाचं ‘हार्ड’ क्रियापदाच्या मागून येतं: ‘शी वर्क्स हार्ड’, ‘इट रेन्ड हार्ड’, ‘थिंक हार्ड’. जेमतेमचं ‘हार्डली’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतं: ‘शी हार्डली वर्क्स’, ‘आय कॅन हार्डली हिअर यू’. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच भरलेला असल्यामुळे त्याच्या जोडीला ‘नॉट’ येत नाही. ‘आय कान्ट हार्डली हिअर’ असं लिहू नका. ‘हार्डली एनी’ म्हणजे जवळजवळ काहीच नाही आणि ‘हार्डली एव्हर’ म्हणजे क्वचितच, या दोन जोड्या कानात बसवल्या की अर्थ विसरत नाही.

जागेची ही खूण एका ठिकाणी दगा देते आणि ते ठिकाण आपल्याकडच्या बातम्यांत वारंवार येतं. ‘द व्हिलेज वॉज हार्ड हिट बाय द ड्रॉट’ म्हणजे गावाला दुष्काळाचा जबर फटका बसला. इथे ‘हार्ड’ आधी आलंय, तरी अर्थ जोराचाच. आधी आलंय म्हणून कुणी ‘हार्डली हिट’ केलं, तर बातमी उलटी होते: गावाला दुष्काळाची झळ जेमतेम लागली. म्हणून जागा पाहा, पण शेवटी वाक्य मराठीत म्हणून बघा. ‘जेमतेम’ बसतंय की ‘जोरात’, हा निकाल खरा.

‘फास्टली’चं काम सोपं आहे. आजच्या इंग्रजीत हा शब्द नाही. ‘आय फिनिश्ड माय टास्क्स फास्ट’ बरोबर आहे, पण फॉर्मसाठी मी ‘क्विकली’ घेईन, कारण ‘फास्ट’ वेगावर बोट ठेवतं आणि ‘क्विकली’ थोड्या वेळात झालं हे सांगतं. जाता जाता एक सांगते, कारण मला हा शब्द फार आवडतो. ‘फास्ट’चा मूळ अर्थ वेग नव्हता, घट्ट, पक्का असा होता. कापडाच्या दुकानात ‘फास्ट कलर’ म्हणतात तो पक्का रंग, धुतल्यावर न जाणारा. गाढ झोपेला इंग्रजीत ‘फास्ट अस्लीप’ म्हणतात, तिथेही वेगाचा काही संबंध नाही. जोर लावून, नेटानं धावणं या वापरातून पुढे वेगाचा अर्थ आला. ‘फास्ट अस्लीप’मध्ये हे क्रियाविशेषणाचंच काम करतंय आणि तिथेही ‘ली’ नाही.

‘लेट’ आणि ‘लेटली’ हे दोन वेगळे शब्द धरा. ‘लेट’ म्हणजे उशिरा. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, गेल्या काही दिवसांत. म्हणून ‘आय नेव्हर केम लेट’. ‘लेटली’ बहुतेक वेळा ‘हॅव’ किंवा ‘हॅज’च्या संगतीत भेटतं: ‘आय हॅव बीन बिझी लेटली’, हल्ली मी फार कामात आहे. तुमच्या वाक्याचा वाचणाऱ्याला झालेला अर्थ ‘अलीकडे मी कधी आलेच नाही’ याच्या आसपास जातो. ‘लेट’बद्दल आणखी एक सावधगिरी. माणसाच्या आधी विशेषण म्हणून ते आलं की त्याचा अर्थ कैलासवासी होतो. उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याला ‘माय लेट कलीग’ म्हणू नका. ‘माय कलीग वॉज लेट’ म्हणा, म्हणजे तो उशिरा आला एवढंच होईल.

आता ‘गुड’ आणि ‘वेल’. इथे चूक शाळेच्या नियमातून आलेली नाही, ती मराठीतून आली आहे. आपण म्हणतो ‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली खेळते’, ‘ते चांगले खेळतात’. ‘चांगला’ खेळण्याबद्दल सांगतो, पण लिंग-वचन घेतो खेळणाऱ्याचं. दिसायला विशेषण, कामाला क्रियाविशेषण. त्यामुळे ‘शी प्लेज गुड’ हे मराठी कानाला अगदी सरळ वाटतं. शाळेत सांगतात की क्रियापदाला ‘कसं?’ विचारा. पण ‘ती कशी खेळते?’ याचं उत्तर ‘चांगली’ हेच येतं, म्हणजे परीक्षाच फसते. तिच्याऐवजी ‘नीट’ किंवा ‘चांगल्या प्रकारे’ हे शब्द घालून बघा, कारण ते कुणासाठीच बदलत नाहीत. ‘ती चांगल्या प्रकारे खेळते’ जमतं, म्हणून ‘शी प्लेज वेल’. ‘ती चांगल्या प्रकारे मुलगी आहे’ जमत नाही, म्हणून ‘शी इज अ गुड गर्ल’.

या कसोटीनं एक जोडी छान सुटते. ‘ती चांगलं इंग्रजी बोलते’ याची इंग्रजीत दोन रूपं होतात आणि दोन्ही बरोबर आहेत: ‘शी स्पीक्स गुड इंग्लिश’ आणि ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. पहिल्यात इंग्रजी चांगलं आहे, दुसऱ्यात बोलणं चांगलं आहे. फक्त ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ असं मध्ये घालू नका. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये ‘वेल’ला जागा नाही.

आता तुम्ही विचाराल, मग ‘द टी टेस्ट्स गुड’ कसं चालतं? तिथेही क्रियापदच आहे. चालतं, कारण चहा स्वतः काही चाखत नाही, तो कसा आहे एवढंच आपण सांगतो. दिसणं, वाटणं, वास येणं, चव लागणं, ऐकू येणं या अर्थाची ‘लुक, सीम, फील, स्मेल, टेस्ट, साउंड’ ही क्रियापदं ‘इज’ची कामं करतात. त्यांच्या जागी ‘इज’ घाला. ‘द टी इज गुड’, अर्थ टिकला, म्हणून विशेषण. याच क्रियापदाचा अर्थ बदलला की शब्दही बदलतो. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’ म्हणजे त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं, इथे पाहण्याची खरी क्रिया घडली. याच कारणानं वाईट वाटलं याला ‘आय फील बॅड’ म्हणतात, ‘बॅडली’ नाही.

पण तुमच्या ‘कॉल्स वेंट गुड’ला ही कसोटी लावू नका, फसाल. ‘द कॉल्स वेअर गुड’ असं केलं तरी अर्थ लागतो आणि ‘गुड’ बरोबरच होतं असं वाटतं. ‘गो’ हे क्रियापद त्या यादीतलं नाही. कॉल कसे पार पडले, हे इथे सांगायचं आहे, म्हणून ‘माय क्लायंट कॉल्स वेंट वेल’. ‘गो’नंतर विशेषण येतं ते बहुतेक वेळा ‘होणं, बनणं’ हा अर्थ असताना. ‘द मिल्क वेंट बॅड’ म्हणजे दूध नासलं, ते खराब झालं. ‘द मीटिंग वेंट बॅडली’ म्हणजे मीटिंग वाईट पार पडली. मीटिंग नासत नाही, म्हणून तिथे ‘बॅड’ नाही. अमेरिकन मालिकांत ‘इट्स गोइंग गुड’ असं तुमच्या कानावर पडेल. बोलण्यात लोक तसं म्हणतात, पण फॉर्ममध्ये त्यावर गोल येईलच.

‘वेल’चा एक उपयोग असाही आहे की तिथे ते स्वतः विशेषण असतं: तब्येतीबद्दल. आपल्याकडे ‘चांगला’ आणि ‘बरा’ हा फरक आहेच. ‘आज मला बरं वाटत नाही’ म्हणजे ‘आय डोन्ट फील वेल’. ‘बरा/बरी/बरं’ जिथे येईल तिथे ‘वेल’, हे कायमचं लक्षात राहील. तुलना करायची वेळ आली की हा सगळा प्रश्नच मिटतो, कारण ‘गुड’ आणि ‘वेल’ दोघांचंही पुढचं रूप ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’. ‘शी प्लेज बेटर’मध्ये कुणी चुकत नाही ते त्यामुळेच.

राहिलं ‘फ्रेंडली’. वर सांगितलेला तो ‘सारखा’ इथे आठवा. ‘फ्रेंड-ली’ म्हणजे मित्रा-सारखा. नामाला ‘सारखा’ जोडून विशेषण झालं. ‘कॉस्टली’, ‘लव्हली’, ‘कावर्डली’ यांचं तेच. म्हणून शब्दाच्या शेवटी ‘ली’ दिसलं की ते झाकून मागे काय उरतं ते पाहा. नाम उरलं, जसं ‘फ्रेंड’, ‘कॉस्ट’, ‘कावर्ड’, तर तो शब्द विशेषण आहे. विशेषण उरलं, जसं ‘स्लो’, ‘सॅड’, ‘क्विक’, तर तो बहुधा क्रियाविशेषण आहे. ‘बहुधा’ म्हणते, कारण ‘डेडली’ झाकलं तर ‘डेड’ उरतं, ‘लोनली’ झाकलं तर ‘लोन’ उरतं, ‘सिकली’ झाकलं तर ‘सिक’ उरतं, आणि तरी ही तिन्ही विशेषणंच आहेत. हे मोजके शब्द पाठच करावे लागतात. ‘डेली’ आणि ‘वीकली’ दोन्ही कामं करतात: ‘अ वीकली रिपोर्ट’ आणि ‘वी मीट वीकली’. ‘अर्ली’ही तसंच, ‘ॲन अर्ली ट्रेन’ आणि ‘शी केम अर्ली’.

मैत्रिणीनं सुचवलेलं ‘फ्रेंडलिली’ मोठ्या शब्दकोशांत सापडेल, पण कुणी बोलत नाही, लिहितही नाही. ‘सारखा’ला पुन्हा ‘सारखं’ जोडल्यासारखं ते जिभेवर अडतं. इंग्रजीत अशा वेळी वळसा घालतात: ‘इन अ फ्रेंडली वे’. किंवा वाक्यच असं फिरवा की विशेषणाला त्याची जागा मिळेल: ‘आय ॲम फ्रेंडली विथ द टीम’. तुमच्या फॉर्ममध्ये मला हे दुसरं जास्त आवडेल, कारण टीमशी तुमचं नातं कसं आहे ते सांगायचंय, बोलण्याची पद्धत नव्हे.

तर शुक्रवारी हे द्या: ‘आय वर्क्ड व्हेरी हार्ड धिस इयर. आय फिनिश्ड माय टास्क्स क्विकली. आय नेव्हर केम लेट. माय क्लायंट कॉल्स वेंट वेल. आय ॲम फ्रेंडली विथ द टीम.’ आणि वर्षभरात एखाद-दुसऱ्या दिवशी खरोखरच उशीर झाला असेल, तर ‘नेव्हर’च्या जागी ‘हार्डली एव्हर’ घाला. तिथे ‘हार्डली’ अगदी बरोबर बसतं: ‘आय हार्डली एव्हर केम लेट’.